चौथा प्रश्न, पान एकोणीस

इंदूरच्या मराठी घरांत सरकारी अर्ज बहुतेक वेळा दोनदा लिहिला जातो. आधी डोक्यात किंवा वहीच्या मागच्या पानावर मराठीत, मग हिंदीत. विधी शाखेची विद्यार्थिनी परीक्षा नियंत्रकांना पुनर्मूल्यांकनाचं पत्र लिहायला बसते तेव्हाही हेच होतं. आणि पहिला घोटाळा तिथेच, भाषा बदलताना होतो. मराठीत आपण ‘हरकत’ घेतो. हिंदीत ‘हरकत’ म्हणजे वात्रटपणा किंवा गैरवर्तन. तिथे हवा असतो तो शब्द ‘आपत्ति’, आणि तो मराठी कानाला पूर आल्यासारखा, घर पडल्यासारखा वाटतो. त्यामुळे “मेरी इस मूल्यांकन पर हरकत है” असं वाक्य टाइप होऊन जातं आणि खिडकीतला बाबू ते वाचून चष्म्यावरून बघतो. “आपत्ति है” असं लिहायचं. संकट कोसळल्याचं कुणालाही वाटत नाही.

पण भाषा हा या पत्राचा सोपा भाग आहे. अवघड आहे ते हे ओळखणं, की पत्र वाचणारा माणूस काय करू शकतो आणि काय करू शकत नाही. परीक्षा नियंत्रक गुण देत नाहीत. तुमचं उत्तर बरोबर आहे की चूक हे ते ठरवत नाहीत, आणि त्यांनी ठरवूही नये. बेरीज तपासायला लावणं, उत्तरपुस्तिका दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवणं, प्रश्नपत्रिका काढणाऱ्याकडे किंवा विषयाच्या तज्ज्ञाकडे एखादा मुद्दा विचारणं, निकाल दुरुस्त करून लावणं, ही त्यांच्या हातातली कामं. “मला न्याय द्या” ही त्यांच्या हातातली गोष्ट नाही, कारण त्या वाक्यावर त्यांना फाइलवर कुठलाही शेरा मारता येत नाही. “पान 11 वरचे 4 गुण मुखपृष्ठावर आलेले नाहीत” या वाक्यावर मारता येतो.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. ते बेतलेलं आहे, पण त्यातला कायद्याचा भाग खरा आहे आणि गेल्या काही वर्षांत फौजदारी कायदा शिकलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

पेपर फौजदारी कायद्याचा. पाच प्रश्न, प्रत्येकी 16 गुण, एकूण 80. पास व्हायला 32 लागतात. मुलीला मिळाले 29. चौथा प्रश्न समस्येचा होता: 28 जून 2024 च्या संध्याकाळी दोघे जण स्कूटरवरून येतात, पायी जाणाऱ्या बाईच्या गळ्यातली सोनसाखळी हिसकावतात आणि पळतात. तिला इजा होत नाही. ती 3 जुलैला ठाण्यात जाऊन तक्रार देते. कोणता गुन्हा, कोणत्या कायद्याखाली, आणि का?

मुलीने लिहिलं की गुन्हा भारतीय दंड संहितेखाली मोजायचा: चोरीसाठी कलम 379, आणि अंगावरची वस्तू चोरण्याच्या प्रयत्नात केलेल्या बळजबरीसाठी कलम 356. भारतीय न्याय संहितेत ‘हिसकावणे’ हा स्वतंत्र गुन्हा कलम 304 मध्ये आला आहे हे तिने नोंदवलं, आणि तरी तो इथे लागणार नाही असं म्हटलं. कारण न्याय संहिता लागू झाली 1 जुलै 2024 ला आणि साखळी गेली त्याच्या तीन दिवस आधी. संविधानाच्या अनुच्छेद 20(1) प्रमाणे कृत्य घडलं तेव्हा जो कायदा होता त्याच्याच उल्लंघनासाठी माणसाला दोषी धरता येतं. न्याय संहितेच्या कलम 358 ने जुनी संहिता रद्द केली, पण तिच्याखाली आधीच घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी शाबूत ठेवली. तक्रार 3 जुलैला नोंदली गेली म्हणून नोंदणीची आणि तपासाची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेची, पण गुन्हा मात्र जुन्या संहितेतला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये हीच विभागणी सांगितली आहे: गुन्हा जुन्या कायद्याचा, पद्धत नव्या कायद्याची.

परीक्षकाने 16 पैकी 3 दिले आणि समासात लाल पेनाने लिहिलं: “धारा 304 BNS. IPC लागू नहीं।”

आता हे नीट बघायला हवं. ‘कमी गुण मिळाले’ ही तक्रार नाही. समासातली टीप हाच पुरावा आहे. परीक्षकाने गुण का कापले ते त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे, आणि ते कारण कायद्याच्या मजकुरालाच धरून चुकीचं आहे. जुनं कलम 379 आणि नवं कलम 304 या दोन्हींतली कमाल शिक्षा तीन वर्षांचीच आहे, त्यामुळे घाईत कुणाला वाटेल की फरक काय पडतो. फरक आरोपपत्रात पडतो. जो गुन्हा त्या नावाने अजून जन्माला आलेला नव्हता, त्याचा आरोप 28 जूनच्या कृत्यावर ठेवता येत नाही. प्रश्नात दोन तारखा मुद्दाम घातल्या होत्या त्या याचसाठी, असं निदान आपण प्रश्न काढणाऱ्याच्या बाजूने गृहीत धरू.

हे सगळं कळलं कसं? उत्तरपुस्तिकेची प्रत हातात आली म्हणून. ती मिळण्याचा रस्ता 9 ऑगस्ट 2011 ला मोकळा झाला. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तपासलेली उत्तरपुस्तिका ही माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातली ‘माहिती’ आहे, परीक्षार्थीला ती पाहता येते आणि तिची प्रत घेता येते. परीक्षकाचं नाव आणि सही झाकून, कारण त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो. आणि संस्था उत्तरपुस्तिका जितके दिवस जपून ठेवते तितकेच दिवस, हेही त्यातच आहे. पुस्तिका नियमाप्रमाणे नष्ट झाल्यावर मागितली तर देणार कुठून? म्हणून परीक्षा विभागाच्या नियमांत जतन करण्याची मुदत शोधून ठेवावी.

याच निकालाचा सर्वांत जास्त चुकीचा उपयोग होतो. विद्यार्थी पत्रात हा निकाल घालतात आणि वर म्हणतात की “म्हणून माझं पुनर्मूल्यांकन करा”. त्या निकालाने प्रत दिली, पुनर्मूल्यांकन दिलं नाही. उलट पुनर्मूल्यांकन नियमात असेल तरच, ही भूमिका त्याहून जुनी आहे. महाराष्ट्राच्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक बोर्डाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने पुनर्मूल्यांकन नाकारणारा नियम रद्द केला होता. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत उभा केला. नियम नसेल तर हक्क नाही, असा त्याचा अर्थ. त्यामुळे पत्राचा पाया निकालांवर नको. तो विद्यापीठाच्या अधिसूचनेवर हवा, ज्या अधिसूचनेने पुनर्मूल्यांकनाची सोय, मुदत आणि शुल्क ठरवलं आहे. तिचा क्रमांक आणि तारीख पत्रातच यायला हवी.

इथेच वेळापत्रकाचा सापळा आहे, आणि त्यात वर्षाला कितीतरी मुलं अडकत असणार. माहितीच्या अधिकारात उत्तर द्यायला 30 दिवस असतात. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरण्याची मुदत मात्र सहसा त्याहून कमी, पुष्कळ ठिकाणी निकालानंतर पंधरवड्याच्या आसपास. म्हणजे प्रत बघून मग ठरवू म्हणणारी मुलगी प्रत हातात घेऊन मुदत संपलेल्या पोर्टलसमोर बसते. उपाय दोन. पहिला, विद्यापीठाची स्वतःची ‘उत्तरपुस्तिका अवलोकन’ची सोय असेल तर ती घ्यावी. त्याचं शुल्क जास्त असतं, पण प्रत लवकर दिसू शकते. दुसरा, माहितीच्या अधिकाराचा अर्ज निकालाच्या दुसऱ्याच दिवशी टाकावा आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत, प्रतीची वाट न बघता भरावा. या दोनांपैकी कुठला रस्ता घ्यायचा ते विद्यार्थ्याने ठरवायचं. 2019 मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संस्थेचं स्वतःचं महागडं शुल्क असलं तरी माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर त्या कायद्याचंच शुल्क लागेल. मध्य प्रदेशात अर्जाचे 10 रुपये. तो अर्ज मात्र परीक्षा नियंत्रकांच्या नावे नाही, लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावे. दोन्ही मागण्या एका कागदावर घातल्या की तो कागद दोन टेबलांच्या मधे अडकतो.

प्रत हातात आली की ती वाचण्याची एक रीत आहे. आपलं उत्तर वाचायला बसू नये, निदान पहिल्यांदा तरी. आपलं उत्तर वाचताना आपण स्वतःच परीक्षक होतो आणि उदार होतो. आधी पानं मोजावीत. पुरवण्या जोडलेल्या असतील तर त्यांची संख्या मुखपृष्ठावरच्या नोंदीशी जुळते का ते बघावं. मग फक्त लाल खुणा बघाव्यात: कुठल्या उत्तराच्या शेवटी आकडा आहे आणि कुठे काहीच नाही. शून्य आणि कोरी जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे वाचून दिलेला निर्णय, तो वादाचा विषय. कोरी जागा म्हणजे उत्तर तपासलंच नाही, तिथे वाद नाही. असं बहुतेक वेळा तेव्हा होतं जेव्हा मुलगा एखादा उपप्रश्न पाच पानं सोडून पुढे लिहितो आणि आधीच्या जागी “पुढे पान 27 वर” अशी टीप ठेवत नाही. तपासणारा शेकड्यांनी पुस्तिका बघत असतो, तो शोधत बसत नाही. शेवटी आतले आकडे मुखपृष्ठावरच्या चौकटीशी ताडून पाहावेत.

आपल्या उदाहरणात मुखपृष्ठावर पाच प्रश्नांचे गुण 8, 5, 6, 3 आणि 7 असे आहेत, बेरीज 29. आत मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या ‘अ’ भागाला 5 आणि ‘ब’ भागाला पान 11 वर 4 दिलेले आहेत. चौकटीत फक्त ‘अ’ चे 5 उतरले. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे 9 हवेत आणि एकूण 33. मुलगी नापास नव्हतीच. कुणाची बुद्धी चुकली नाही, कुणाचं मत चुकलं नाही, चौकट भरताना पान उलटायचं राहिलं.

म्हणून या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. पहिली मोजणीची, ती पुनर्गणनेत सुटते, तिला परीक्षक लागत नाही. दुसरी मूल्यांकनाची. पुष्कळ पत्रांत मोजणीची चूक मूल्यांकनाच्या तक्रारीखाली, तिसऱ्या परिच्छेदात दडलेली असते, आणि वाचणाऱ्याने दुसऱ्या परिच्छेदातच ‘मूल्यांकनावर आक्षेप, नियमाप्रमाणे कार्यवाही’ असा शेरा मारलेला असतो. जे डोळ्यांना दिसतं ते वर, जे पटवून द्यावं लागतं ते खाली.

पण 33 झाल्यावर पुनर्मूल्यांकन मागावं का, हा खरा पेच आहे. पुनर्मूल्यांकन एका प्रश्नाचं होत नाही. बहुतेक ठिकाणी पूर्ण पुस्तिका दुसऱ्याच्या हातात जाते, पहिल्याचे गुण झाकून. पहिल्या प्रश्नाचे 8 त्याला 6 वाटू शकतात. काही विद्यापीठांत दोन्हींतले जास्त गुण धरतात, काही ठिकाणी दुसरे गुण अंतिम असतात, कमी झाले तरी, काही ठिकाणी फरक ठरावीक टक्क्यांपलीकडे गेला तरच बदल मानतात. हे अधिसूचनेत एका ओळीत असतं आणि ती ओळ न वाचता शुल्क भरणारे पुष्कळ. 33 वर असलेल्या माणसाला दोन गुणांची घसरण म्हणजे परत 31.

आणि त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. दुसऱ्या परीक्षकाला मुलीचं पत्र सहसा दाखवतच नाहीत. पोर्टलवरच्या अर्जात कारण लिहायला चौकटच नसते. पत्र जातं नियंत्रकांच्या फाइलला, पुस्तिका जाते परीक्षकाकडे, आणि त्याच्या हातात असते तीच उत्तरसूची जिच्यावर पहिल्याने गुण कापले. उत्तरसूचीत ‘कलम 304’ असंच छापलं असेल तर दुसराही इमानदारीने 3 च देईल. मग पुनर्मूल्यांकन म्हणजे त्याच चुकीची दुसरी प्रत, शुल्क भरून मिळवलेली. म्हणून पत्रात खरं मागायचं आहे ते हे: चौथ्या प्रश्नाची उत्तरसूची आधी विषयतज्ज्ञाकडून तपासून घ्या, मग पुस्तिका पाठवा. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक पत्रांत तो नसतोच.

उत्तरसूची चुकली की एकटा परीक्षक चुकला, हे एका पुस्तिकेवरून कळत नाही. त्याच वर्गातल्या चारपाच जणांनी दंड संहिता लिहिली असेल आणि सगळ्यांनाच तीनचार मिळाले असतील तर संशय सूचीकडे जातो. तरी सगळ्यांनी मिळून एक सह्यांचं निवेदन देण्यात फायदा कमी. प्रत्येकाचा अनुक्रमांक वेगळा, शुल्काची पावती वेगळी, नियंत्रकांच्या दप्तरात त्या वेगवेगळ्या फाइली. प्रत्येकाने आपलं पत्र द्यावं आणि कायद्याचा परिच्छेद सगळ्यांचा सारखा असला तर बिघडत नाही. दुसऱ्याचा अनुक्रमांक आपल्या पत्रात त्याला न विचारता घालू नये. “तिला 11 आणि मला 3” हे तर लिहूच नये. त्यातून सिद्ध होतं इतकंच की दोघींपैकी एकीचे गुण चुकले, आणि ते तिचेही असू शकतात.

आता मसुदा. मराठीत, मुलगी हिंदीत नेण्याआधी वहीत लिहील तसा.

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक

विषय: फौजदारी कायदा या विषयाच्या उत्तरपुस्तिकेतील गुणांची पुनर्गणना, आणि प्रश्न 4 च्या उत्तरसूचीची पडताळणी करून पुनर्मूल्यांकन करण्याबाबत.

(इथे तपशिलाचा तक्ता: नाव, अनुक्रमांक, नामांकन क्रमांक, अभ्यासक्रम आणि सत्र, प्रश्नपत्रिका कोड, परीक्षा केंद्र, परीक्षेची तारीख, निकालाची तारीख, पुनर्मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, पुनर्मूल्यांकन शुल्काचा पावती क्रमांक.)

महोदय,

1. वरील अधिसूचनेनुसार मी मुदतीत पुनर्गणना व पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला आहे. उत्तरपुस्तिकेची प्रत मला मिळाली असून तिच्यातील संबंधित पाने सोबत जोडली आहेत.

2. प्रश्न 2 ‘ब’ च्या उत्तराला पान 11 वर 4 गुण दिलेले आहेत. मुखपृष्ठावरील तक्त्यात प्रश्न 2 समोर केवळ ‘अ’ भागाचे 5 गुण नोंदले आहेत. हे 4 गुण धरल्यास प्रश्न 2 चे 9 आणि एकूण गुण 29 ऐवजी 33 होतात.

3. प्रश्न 4 च्या उत्तरावर पान 19 वर “धारा 304 BNS. IPC लागू नहीं” अशी नोंद आहे. प्रश्नात कृत्याची तारीख 28 जून 2024 दिलेली आहे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. संविधानाचा अनुच्छेद 20(1) आणि न्याय संहितेचे कलम 358 पाहता या कृत्याला भारतीय दंड संहिता लागू होते. माझ्या उत्तरात पान 17 ते 19 वर हेच लिहिले आहे.

4. विनंती:
(क) मुद्दा 2 प्रमाणे गुणांची नोंद दुरुस्त करावी.
(ख) प्रश्न 4 ची उत्तरसूची विषयतज्ज्ञाकडून तपासून घेऊन, त्यानंतर माझ्या उत्तरपुस्तिकेचे पुनर्मूल्यांकन मूळ परीक्षकाव्यतिरिक्त अन्य परीक्षकाकडून करावे.
(ग) या अर्जाचा निर्णय होईपर्यंत पुढील सत्रात मला तात्पुरता प्रवेश चालू ठेवावा.

सोबत: मुखपृष्ठ, पान 11 आणि पान 17 ते 19 यांच्या छायाप्रती, प्रश्नपत्रिका, शुल्काची पावती.

इतकंच. एक पान आणि जोड कागद. पहिल्या मसुद्यात जे असतं आणि इथे नाही, ते बघण्यासारखं आहे. “मी आजपर्यंत कधीही नापास झाले नाही” गेलं, कारण ते खरं असलं तरी पान 19 शी त्याचा संबंध नाही. “परीक्षकांना कायद्याचं ज्ञान नसल्याचं दिसतं” गेलं, कारण नियंत्रकांना त्या वाक्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि परीक्षकाचा बचाव करण्याकडे फाइल वळते. “अन्यथा मला उच्च न्यायालयात जावं लागेल” हेही गेलं. इंदूरचं खंडपीठ महात्मा गांधी मार्गावर आहे, परीक्षा विभागातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे, पत्ता सांगायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तर एकही नाहीत. विधीच्या मुलांना हा मोह आवरत नाही, आणि कळतंही, तीन वर्षं तेच शिकवलेलं असतं. पण पहिल्या पत्राला अधिसूचना आणि पान क्रमांक पुरतात. अलाहाबादचा निकाल हवा तर तज्ज्ञासाठी वेगळ्या कागदावर, एका ओळीत.

मुद्दा 3 मध्ये ‘माझं उत्तर बरोबर आहे’ असं कुठेही म्हटलेलं नाही, हेही पाहावं. तारीख, लागू होण्याची तारीख, कलम, पान. निष्कर्ष वाचणाऱ्याला आपोआप काढता येतो. यामागे एक व्यावहारिक कारण आहे. डिसेंबर 2017 मध्ये रणविजय सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमात पुनर्मूल्यांकनाची सोय नसेल तर न्यायालयाने हात घालायचा तो फक्त अपवादाने, आणि चूक स्पष्ट असेल तरच. अनुमानांची साखळी जोडून किंवा तर्क लढवून काढलेली चूक चालणार नाही. इथे सोय आहे, म्हणून ती कसोटी थेट लागत नाही. पण प्रकरण पुढे गेलंच तर न्यायाधीश हेच पत्र वाचतील. साडेतीन ओळींत दिसणारी चूक तिथेही दिसते. तीन पानं समजावून सांगावी लागणारी चूक तिथे हरते.

‘सवलतीचे गुण द्या’, म्हणजे ग्रेस मार्क, ही मागणी या पत्रात घालू नये. तो वेगळा नियम आहे. तो मागितला की आपणच मान्य करतो की गुण कमी आहेत ते बरोबर आहेत.

पत्र द्यायचं आवक-जावक शाखेत, थेट नियंत्रकांच्या केबिनमध्ये नाही. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती परत आणायची. “साहब को दे दिया है, हो जाएगा” हे उत्तर इंदुरी आपुलकीने मिळतं आणि आपणही पोह्यांकडे वळतो. शिक्क्यावर तारीख स्पष्ट उमटली नसेल तर बाबूला नम्रपणे पेनाने लिहायला सांगावं. पुढे मुदतीचा प्रश्न आला की ती निळी रेघ बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त बोलते. त्याच दिवशी ईमेलही करावी आणि विषयात आवक क्रमांक घालावा.

आणि एक गोष्ट, जी पत्रात नाही पण पत्राइतकीच लागते. पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायच्या आधीच राहिलेल्या विषयाच्या पुनर्परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख येते. जवळजवळ दर वेळी. मुलं म्हणतात, अर्ज भरला तर नापास असल्याचं मान्य केल्यासारखं होईल. होत नाही. अर्ज भरावा, शुल्क भरावं, आणि त्याच दिवशी आवक शाखेत दोन ओळींचं पत्र द्यावं: “अमुक आवक क्रमांकाचा माझा अर्ज प्रलंबित आहे. माझे हक्क राखून, केवळ मुदत संपू नये म्हणून हा परीक्षा अर्ज भरत आहे.” निकाल 33 झाला तर भरलेलं शुल्क जाईल, वर्ष जाणार नाही. याचीही दुसरी प्रत, त्यावरही शिक्का.

मोजणीची दुरुस्ती बहुधा आधी येते. पोर्टलवर 29 च्या जागी 33 दिसतात, कुठलंही स्पष्टीकरण नसतं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागतो, आणि ते आलं तरी आकड्याच्याच रूपात येतं. उत्तरसूची बदलली का, तज्ज्ञाने काय म्हटलं, हे निकालपत्रकावर कुठेच नसतं. ते हवं असेल तर पुन्हा 10 रुपये आणि लोक सूचना अधिकारी. या वेळी मागायची ती प्रश्न 4 ची उत्तरसूची, आणि आपल्या अर्जावर फाइलमध्ये मारलेल्या शेऱ्यांची प्रत.